पेटीतला हिवाळा
फ्रोझन सेक्शनचा इतिहास आणि बर्फाने मागे ठेवलेल्या खुणा

सन १८९१. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्यासमोर टेबलावर स्तनात गाठ असलेली एक स्त्री होती. गाठ कर्करोगाची की साधी, हे हाताला कळत नव्हते. पॅथॉलॉजीचे प्राध्यापक विल्यम वेल्च यांनी गाठीचा तुकडा घेतला, कार्बन डायऑक्साइडच्या थंडीने तो गोठवला, त्याचा पातळ काप केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. निदान झाले. परंतु ते घेऊन वेल्च परतले तोवर हॉल्स्टेड यांचे ऑपरेशन उरकलेले होते.

शस्त्रक्रिया चालू असताना केलेल्या निदानाच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक आहे. उत्तर बरोबर होते, पण उशिरा आले. पुढची शंभर वर्षे या तंत्राच्या मागे दोन प्रश्न लागलेले दिसतात. उत्तर वेळेत कसे द्यायचे, हा पहिला. घाईत दिलेल्या उत्तरावर किती विसंबायचे, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बर्फ. ज्या बर्फामुळे वेळ वाचतो, त्याच बर्फाने चित्र बिघडते. या लेखात ती गोष्ट मुळापासून पाहायची आहे.

गोठवायचेच कशासाठी?

सूक्ष्मदर्शकाखाली उती पाहायची तर तिचा काप इतका पातळ हवा की प्रकाश त्यातून आरपार जावा. साधारण पाच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. ताजी उती मऊ आणि ओलसर असते. तिच्यावर सुरी फिरवली तर ती दबते, सरकते, चिरडते. म्हणून ती आधी टणक करावी लागते. नेहमीच्या पद्धतीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, अल्कोहोलने त्यातले पाणी काढून टाकतात आणि पाण्याच्या जागी वितळलेले मेण भरतात. मेण थिजले की काप सहज निघतात. या साऱ्याला एक रात्र तरी जाते. भूल दिलेला रुग्ण तेवढा वेळ टेबलावर राहू शकत नाही.

दुसरा मार्ग असा, की पाणी काढायचेच नाही. उतीचे सत्तर-ऐंशी टक्के वजन पाण्याचे असते. तेच पाणी थिजवले की मेणाचे काम बर्फ करतो. ही युक्ती वेल्च यांच्याही आधीची आहे. जर्मनीतल्या कासेल शहरात बेनेडिक्ट श्टिलिंग नावाचे डॉक्टर मज्जारज्जूच्या रचनेचा अभ्यास करत होते. जानेवारी १८४२मधल्या एका कडाक्याच्या रात्री मज्जारज्जूचा एक तुकडा बाहेरच्या थंडीत राहिला. पारा उणे सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास होता. सकाळी तुकडा दगडासारखा झालेला. श्टिलिंग यांनी त्याचा सुरीने आडवा काप घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मज्जातंतूंची मांडणी आजवर कधी दिसली नव्हती इतकी स्पष्ट दिसली. त्यांनी पुढे याच पद्धतीने मज्जारज्जूचे कित्येक काप केले. त्यांना रोगनिदान करायचे नव्हते, घाईही नव्हती. पण थंडी हेच एक हत्यार आहे, हे त्या सकाळी सिद्ध झाले.

मिनेसोटाची खिडकी

वेल्च यांची अडचण केवळ वेळेची नव्हती. ताज्या उतीचा गोठवलेला काप वितळला की लगद्यासारखा होई आणि रंग द्यायला गेले की फाटे. हॉपकिन्समध्येच काम करणारे टॉमस कलन यांनी १८९५ साली यावर उपाय छापला. काप गोठवून काढल्यावर फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात काही मिनिटे ठेवायचा, म्हणजे तो ताठ राहतो आणि मग नेहमीसारखा रंगवता येतो. फॉर्मॅलिनचा हा गुण कळून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. कलन यांनी काप टिकाऊ केला, पण सर्जन लोकांना अजून त्याची सवय नव्हती. बहुतेकांचा भरवसा स्वतःच्या बोटांवर आणि डोळ्यांवर होता. गाठ कापून बघायची, ती कच्च्या नासपतीसारखी करकरीत लागली तर कर्करोग म्हणायचे, अशी त्यांची रीत होती.

ही रीत बदलायला एका सर्जनचाच आग्रह कारणीभूत झाला. मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या लहान गावात मेयो बंधूंचे रुग्णालय होते. १९०५च्या आरंभी तिथे लुई विल्सन हे नवे पॅथॉलॉजिस्ट रुजू झाले. रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कर्करोगाची आहे की नाही हे तुम्ही लोक सांगू शकलात तर किती बरे होईल, अशी मागणी विल्यम मेयो यांनी त्यांच्याकडे केली. विल्सन यांनी प्रयोग सुरू केला तो अगदी श्टिलिंग यांच्यासारखा. हिवाळ्यात मिनेसोटाचा पारा शून्याच्या बराच खाली असतो. उतीचे तुकडे खिडकीबाहेर ठेवून त्यांनी ते गोठवले आणि वस्तऱ्याने त्यांचे काप घेतले, अशी हकीकत सांगितली जाते.

विल्सन यांचा खरा शोध रंगाचा होता. फॉर्मॅलिन, अल्कोहोल, मग एक रंग, मग दुसरा, ही साखळीच त्यांनी सोडून दिली. ताजा काप मेथिलीन ब्लू या निळ्या रंगात काही सेकंद बुडवायचा, मिठाच्या पाण्यात धुवायचा, ग्लुकोजच्या पाकात काचपट्टीवर ठेवायचा आणि ओला असतानाच पाहायचा. केंद्रके निळी-जांभळी उठून दिसत. काही मिनिटांत निदान होई. डिसेंबर १९०५मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली. तुकडा गोठवण्याआधी डेक्स्ट्रिनच्या घट्ट द्रावणात घोळायचा, असेही त्यांनी त्यात सांगितले आहे. हा बारकावा का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

यानंतरच्या वीस वर्षांत गरजही बदलली. लोक लवकर डॉक्टरकडे येऊ लागले, त्यामुळे गाठी लहान मिळू लागल्या. मोठी, आजूबाजूला रुतलेली गाठ अनुभवी सर्जनला हातानेच कळते. वाटाण्याएवढी गाठ कळत नाही. हॉपकिन्सचे सर्जन जोसेफ ब्लडगुड यांनी १९२७मध्ये कर्करोग आता सूक्ष्मदर्शकाचा रोग झाला आहे, या आशयाचा लेख लिहिला. बोटांचा भरवसा संपत आला होता.

हिवाळा पेटीत आला

विल्सन यांच्या काळातल्या यंत्रात उती धातूच्या चकतीवर असे आणि चकतीला खालून कार्बन डायऑक्साइडचा फवारा बसे. उती थंड असली तरी सुरी आणि खोली मात्र उबदार. तुकडा खालून गोठे आणि वरून वितळे. कापणाऱ्याला दोन्हींच्या मधला नेमका क्षण साधावा लागे. काप सुरीवरच विरघळू लागे आणि तो ब्रशने किंवा बोटाने उचलून पाण्याच्या बशीत सोडावा लागे. त्याची जाडी दहा-पंधरा मायक्रॉनच्या खाली क्वचितच जाई. इतक्या जाड कापात पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात.

यावरचा तोडगा रुग्णालयातून आला नाही. तो कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून आला. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याच्या मालकाने स्थापन केलेली. तिथले रसायनशास्त्रज्ञ काय लिंडरस्ट्रम-लांग यांना उतीच्या कोणत्या थरात कोणते विकर किती आहे, हे मोजायचे होते. त्यासाठी काप कोणत्याही रसायनाच्या संपर्कात न येता, मधेच न वितळता हवे होते. १९३८ साली त्यांनी आणि मोगेन्सेन यांनी संपूर्ण मायक्रोटोमच थंड पेटीत ठेवला. सुरी थंड, हवा थंड, उती थंड. काप सुरीवर गुंडाळला जाऊ नये म्हणून सुरीच्या धारेपाशी एक पट्टी बसवली. तिच्या आणि सुरीच्या मधून काप सपाट सरकत येतो. हा क्रायोस्टॅट. श्टिलिंग आणि विल्सन यांना खिडकीबाहेर शोधावा लागला तो हिवाळा आता पेटीत बसला.

हार्वर्डमध्ये आल्बर्ट कून्स यांनी १९५०च्या सुमारास चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या संशोधनासाठी क्रायोस्टॅट वापरला आणि तो वैद्यकीय प्रयोगशाळांच्या ओळखीचा झाला. साठच्या दशकात तो रुग्णालयांत पसरला. आज शस्त्रक्रियागृहातून तुकडा आला की तो धातूच्या बैठकीवर ठेवतात. या बैठकीला 'चक' म्हणतात. तुकड्याभोवती एक घट्ट, पारदर्शक, पाण्यात विरघळणारे द्रव्य ओततात. ते गोठले की तुकड्याला चहूबाजूंनी आधार मिळतो. विल्सन यांच्या डेक्स्ट्रिनचा हा वारसदार. पेटीचे तापमान उणे वीस ते पंचवीस अंशांवर असते. पाच मायक्रॉनचा काप निघाला की खोलीच्या तापमानाची काचपट्टी त्याच्याजवळ नेतात आणि काप आपोआप तिला चिकटतो. काचपट्टी लगेच अल्कोहोलमध्ये जाते, मग रंगात. एका तुकड्याचे उत्तर वीस मिनिटांत द्यावे, हा अनेक प्रयोगशाळांनी स्वीकारलेला दंडक आहे.

बर्फ काय करतो

टोमॅटो घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेर काढा. वितळल्यावर त्याचा लगदा होतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे बर्फाचे स्फटिक. पाणी सावकाश गोठते तेव्हा थोड्याच ठिकाणी स्फटिकांना सुरुवात होते आणि प्रत्येक स्फटिकाला वाढायला भरपूर वेळ मिळतो. झटकन गोठते तेव्हा असंख्य ठिकाणी एकाच वेळी सुरुवात होते आणि कोणालाच वाढायला जागा उरत नाही. सावकाश जमवलेली कुल्फी खडेदार लागते, तिचेही कारण हेच.

शरीराच्या उतीत बर्फ आधी पेशींच्या बाहेर धरतो. गोठणारे पाणी शुद्ध असते. क्षार मागे उरतात आणि न गोठलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढत जाते. मग पेशीतले पाणी त्या खारट द्रवाकडे ओढले जाते. पेशी आकसते, तिचे केंद्रक सुरकुतते, गडद आणि कोनाकोनांचे दिसू लागते. बाहेरचे स्फटिक वाढत पेशींना बाजूला सारतात आणि पेशींच्या ओळी दोन भेगांमध्ये चेपल्या जातात. गोठण्याचा वेग थोडा जास्त असेल तर पाण्याला पेशीतून बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि स्फटिक पेशीच्या आत, कधी केंद्रकाच्याही आत तयार होतात. काचपट्टीवर बर्फ वितळून जातो, पण त्याने केलेले भोक राहते. स्नायूच्या कापात अशी भोके पडली की तो जाळीदार चीजसारखा दिसतो. स्नायूंच्या काही खऱ्या आजारांतही अशीच भोके दिसतात, त्यामुळे घोटाळा होतो.

उतीत मुळात नसलेल्या आणि प्रक्रियेने निर्माण केलेल्या अशा खुणेला पॅथॉलॉजिस्ट 'आर्टिफॅक्ट' म्हणतात.

वेग वाढवणे हाच उपाय. तुकडा तीन-चार मिलिमीटरहून जाड नको, कारण थंडी आतवर पोहोचायला वेळ लागतो आणि मधला भाग सावकाश गोठतो. चक खालून थंड असते, म्हणून वरून आधीच थंड केलेला धातूचा ठोकळा टेकवतात. मग दोन्हीकडून उष्णता ओढली जाते. संशोधनासाठी याहून अधिक वेग हवा असतो. तिथे मनात येईल की उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन सर्वांत उत्तम. पण तुकडा थेट त्यात टाकला की त्याभोवतीचा नायट्रोजन उकळतो आणि वायूचे एक वेष्टन तयार होते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर तरंगत नाचतो, तसेच हे. वायू उष्णता फार हळू वाहून नेतो. म्हणून नायट्रोजनने आधी आयसोपेंटेन नावाचा द्रव थंड करतात आणि तुकडा त्यात बुडवतात. आयसोपेंटेन उकळत नाही, तुकड्याला थेट भिडतो. नायट्रोजनपेक्षा तो कमी थंड, तरी गोठवतो जास्त वेगाने.

बर्फाची बरीचशी खोडी शस्त्रक्रियागृहातच सुरू होते. तुकडा सुकू नये म्हणून तो सलाइनमध्ये बुडवून पाठवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. उती ते पाणी शोषून घेते आणि पुढे त्याचा बर्फ होतो. तुकडा कोरड्या डबीत, नुसत्या दमट गॉजवर ठेवून तडक पाठवावा. चुकून फॉर्मॅलिनमध्ये घातला तर काप काचपट्टीवरून सुटून जाऊ लागतात.

सुरी, चरबी आणि हवा

उरलेल्या खुणा कापण्याच्या आणि रंगवण्याच्या वेळच्या. प्रत्येक उतीला आपले तापमान असते. मेंदूत पाणी जास्त, तो उणे बारा-पंधराला नीट कापला जातो. त्याहून थंड केला तर काच फुटावी तसा तडकतो. चरबीचे उलटे आहे. उणे वीसलाही ती मऊच राहते, सुरीवर माखते आणि काप तिथे फाटतो. तिला उणे तीस किंवा त्याखाली न्यावे लागते. स्तनाच्या तुकड्यात चरबी आणि टणक गाठ शेजारीशेजारी असतात, त्यामुळे एकाच काप्यात दोघांचे समाधान होत नाही.

काप पाहून दोष ओळखता येतो. सुरीच्या धारेला समांतर असे जाड-पातळ पट्टे दिसले तर तुकडा फार थंड आहे किंवा काहीतरी सैल आहे. धारेला काटकोनात एक सरळ ओरखडा गेला असेल तर पात्याला खाच आहे. काप गोळा होऊन चिकटत असेल तर पेटी उबदार झाली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. पेटी उघडली की मुंबईची दमट हवा आत शिरते आणि सुरीवर, पट्टीवर तुषार धरते. म्हणून काच शक्य तितकी कमी उघडायची.

सर्वांत फसवी खूण मात्र हवेची. काप काचपट्टीवर घेतल्यावर अल्कोहोलमध्ये जायला काही सेकंद उशीर झाला तर तो सुकतो. सुकताना पेशी काचेवर पसरते, केंद्रक फुगून मोठे, फिकट आणि पुसट होते. मोठे केंद्रक हे कर्करोगाचे एक लक्षण मानले जाते. म्हणजे तंत्रज्ञाने मान वळवून कोणाशी चार शब्द बोलावेत, तेवढ्यात निरोगी पेशी आजारी दिसू शकते.

मग खरी खूण आणि खोटी खूण वेगळी कशी काढायची? बर्फाचे भोक रिकामे असते, त्याच्या कडा तीक्ष्ण, कोनाकोनांच्या असतात आणि त्याला पेशींचे अस्तर नसते. खरी पोकळी बहुधा गोलाकार, अस्तर असलेली किंवा आत काही द्रव धरून असते. आणखी एक भरवशाची कसोटी म्हणजे त्याच कापातली ओळखीची पेशी पाहायची. रक्तवाहिनीची भिंत किंवा लिम्फोसाइट कसे दिसावेत हे पॅथॉलॉजिस्टला पाठ असते. त्यांचीही केंद्रके फुगलेली किंवा सुरकुतलेली असतील, तर दोष रोगाचा नाही, कापाचा आहे.

मेंदूतला एक तुकडा

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. अशा प्रसंगी काय घडते ते समजावे म्हणून ते रचले आहे.

चाळिशीतल्या माणसाला अचानक झटका येतो. एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात डाग दिसतो. न्यूरोसर्जन कवटी उघडून वाटाण्याच्या अर्ध्याएवढा तुकडा पाठवतो. त्याचा प्रश्न साधा आणि नेमका आहे: हा ग्लायोमा, लिम्फोमा की संसर्ग? ग्लायोमा असेल तर जमेल तेवढा काढायचा. लिम्फोमा असेल तर तिथेच थांबायचे, कारण त्यावर औषधाने उपचार होतात आणि जास्त मेंदू कापून रुग्णाचे नुकसानच होईल. पू असेल तर तो जंतूंच्या तपासणीला पाठवायचा.

तुकड्याचे दोन भाग होतात. एक क्रायोस्टॅटमध्ये जातो, दुसरा न गोठवता फॉर्मॅलिनमध्ये. ताज्या भागातला टाचणीच्या डोक्याएवढा कण मात्र दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरवतात. ही दाबून पसरवण्याची पद्धत न्यूरोसर्जरीत १९३०च्या दशकात रुजली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांच्यासोबत काम करणाऱ्या लुईस आइझेनहार्ट यांनी आणि लंडनमध्ये डोरोथी रसेल यांनी ती वापरात आणली. मेंदू इतका मऊ आणि पाणीदार की तो गोठवण्यापेक्षा दाबणे बरे, हा त्यामागचा विचार.

गोठवलेला काप आधी तयार होतो. उतीत सूज होती, त्यामुळे पाणी जास्त आणि बर्फही जास्त. केंद्रके गडद, कोनाकोनांची, वाकडीतिकडी, मधे भेगा. शिकाऊ डॉक्टर म्हणतो, केंद्रके इतकी वेडीवाकडी आहेत, तर हा जास्त घातक प्रकारचा अॅस्ट्रोसायटोमा असावा. वरिष्ठ डॉक्टर भेगांच्या कडा पाहतात आणि कडेच्या रक्तवाहिनीकडे सरकतात. तिच्या भिंतीतली केंद्रकेही तशीच सुरकुतलेली. मग दाबलेली काचपट्टी येते. तिच्यात बर्फ कधी झालाच नाही. केंद्रके गोल, एकसारखी, नाजूक. पेशी लिम्फोमासारख्या सुट्या-सुट्या नाहीत, पू नाही. शस्त्रक्रियागृहात फोन जातो: 'ग्लायोमा आहे. प्रकार आणि श्रेणी मेणाच्या कापावर सांगू.' सर्जनला एवढेच हवे होते. तो पुढे काम सुरू करतो.

चार दिवसांनी न गोठवलेल्या भागाचा मेणातला काप हाती येतो. गोल केंद्रकाभोवती स्वच्छ पांढरे वलय, जणू तळलेल्या अंड्याचा बलक. हे ऑलिगोडेंड्रोग्लिओमाचे प्रसिद्ध रूप. जनुकीय तपासणीतही गुणसूत्र १ आणि १९ यांचे ठरावीक तुकडे गहाळ आढळतात आणि निदान पक्के होते. गोठवलेला भागही नंतर मेणात घातलेला असतो. त्यात मात्र केंद्रके आजही वेडीवाकडीच. एकदा बर्फाने मोडलेली पेशी मेणात घालून दुरुस्त होत नाही. म्हणूनच एक भाग कधीही गोठवायचा नाही, हा नियम. सगळा तुकडा गोठवून बसलेल्या प्रयोगशाळेला अंतिम निदानही बिघडलेल्या चित्रावरच करावे लागते.

या गोष्टीत एक गंमत आहे. तळलेल्या अंड्यासारखे ते वलयही खरे नाही. फॉर्मॅलिन आणि मेणाच्या प्रक्रियेत या पेशी फुगतात, त्यातून ते तयार होते. गोठवलेल्या कापात ते दिसत नाही. थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगातली दुधी काचेसारखी स्वच्छ केंद्रकेही अशीच मेणाच्या कापाची देणगी. गोठवलेल्या कापात ती शोधत बसणारा नवखा पॅथॉलॉजिस्ट हमखास चुकतो. म्हणजे मेणाचा काप खरा आणि बर्फाचा खोटा असे नाही. दोन्ही उतीवर काहीतरी करतात. मेणाच्या खुणा आपण दीडशे वर्षे पाहत आलो, त्यांची रोगाशी सांगड घातली आणि त्यांनाच लक्षण म्हणू लागलो. बर्फाच्या खुणा स्फटिकांच्या मर्जीप्रमाणे दर कापात बदलतात, म्हणून त्यांच्यावर निदान उभे करता येत नाही.

वीस मिनिटे कोणाची?

या तंत्राची मर्यादा केवळ काचपट्टीवरची नाही. वेल्च यांचे उत्तर उशिरा आले होते. क्रायोस्टॅटच्या काळात उत्तर इतके वेळेत येऊ लागले की निर्णयही त्याच वीस मिनिटांत उरकू लागला. स्तनात गाठ असलेल्या स्त्रीला भूल देत, गाठ काढत, फ्रोझन सेक्शन करत आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकत. ही मोठी शस्त्रक्रिया हॉल्स्टेड यांच्याच नावाने ओळखली जाई. जागी झाल्यावर छातीवरचे बँडेज चाचपून स्त्रीला निदान कळे. सप्टेंबर १९७४मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर याच रीतीने शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती जगापासून लपवली नाही.

त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीला स्वतःच्या स्तनात गाठ सापडली. आधी फक्त तपासणी करा, निदान झाल्यावर पुढचे मी ठरवीन, असे ती म्हणाली. तिचे हे म्हणणे मानणारा सर्जन शोधायला तिला खूप खटपट करावी लागली. पुढच्या वर्षी तिने यावर पुस्तक लिहिले. तिच्या मागणीला शास्त्रीय आधार होता. मेणाच्या कापासाठी काही दिवस थांबल्याने रोगाचे पारडे फिरत नाही, आणि दरम्यान चित्र अधिक स्वच्छ मिळते. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत कुशनरही होती. निदान आणि उपचार ही दोन वेगळी पावले असावीत, अशी शिफारस त्या बैठकीने केली. आता सुईने तुकडा घेऊन निदान आधीच होते. स्तनाच्या बाबतीत फ्रोझन सेक्शन उरले आहे ते मुख्यतः काखेतल्या गाठीत रोग पोहोचला का, कापलेली कड मोकळी आहे का, अशा प्रश्नांपुरते.

यातूनच आजचा साधा नियम निघाला आहे. टेबलावर मिळालेल्या उत्तराने त्या क्षणी सर्जनच्या हातात काही बदलणार असेल, तरच तुकडा गोठवायचा. तोंडाच्या कर्करोगात जिभेची कड मोकळी नसेल तर सर्जन आणखी पाच मिलिमीटर कापतो, तिथे वीस मिनिटे सार्थकी लागतात. केवळ उत्सुकता म्हणून, किंवा नातेवाइकांना लवकर सांगता यावे म्हणून छोटासा एकुलता एक तुकडा गोठवणे म्हणजे खरे उत्तर गमावून घाईचे उत्तर घेणे.

म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: 'मेणाच्या कापापर्यंत थांबू.' फोनच्या दुसऱ्या टोकाला हातमोजे घालून उभ्या असलेल्या सर्जनला ते आवडत नाही. पण काचपट्टीवर बर्फाची भोके किती आणि रोग किती, हे ज्याने पाहिले आहे, त्याने ते म्हणायलाच हवे.